कागदी चटईवरचं पान-फुलांचं कोलाज दर वेळी सुटतं, वाकतं: दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

तासाला काम झकास दिसतं. घोटीव कागदाची दोन रंगी चटई, तिच्यावर पिंपळाचं पान, झेंडूच्या पाकळ्या, कडेला मुगाची नक्षी. फलकावर लावलं की मुलं शेजारच्या वर्गातल्यांना ओढून आणतात. मग चार-पाच दिवस जातात. पानांच्या कडा उचलतात, मूग टपटप गळतात, चटई होडीसारखी वाकते आणि एखाद्या फुलाखाली काळी बुरशी दिसायला लागते. पुढच्या वेळी डिंक जास्त लावला जातो आणि दुखणं आणखी वाढतं.

डिंक वाढवणं हा यावरचा सर्वांत चुकीचा उपाय आहे. का, ते नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेतल्या चौथीच्या कामावरून सांगते. तिथल्या बाईंनी ऑगस्टमध्ये शुक्रवारी करून घेतलेली कोलाजं मंगळवारी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि विचारलं, "डिंक बदलू का?" मी त्यांना म्हटलं, आधी गळून पडलेली पानं उलटी करून बघू.

पडलेल्या पानाची मागची बाजू

सगळं निदान तिथेच असतं, म्हणून पडलेलं पान कचऱ्यात टाकू नका.

आंब्याची पानं उलटी केली, तर ती स्वच्छ होती. डिंकाचा पातळ, चकचकीत पापुद्रा कागदावरच राहिला होता. याचा अर्थ डिंकाने कागद धरला, पानाला मात्र धरलंच नाही. आंबा, वड, फणस, रबराचं झाड यांच्या पानांवर मेणचट थर असतो आणि पाण्यात कालवलेला पांढरा डिंक त्याच्यावरून घसरतो. आंब्याच्या पानाची दुसरी अडचण त्याच्या मधल्या शिरेत आहे. मागच्या बाजूने ती इतकी वर आलेली असते की पान फक्त त्या शिरेवर टेकतं आणि दोन्ही पाती अधांतरी राहतात. बोट दाबलं की चिकटल्यासारखं वाटतं, बोट काढलं की ती पुन्हा वर येतात.

पिंपळाच्या पानांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या मागे कागदाचे रंगीत तंतू चिकटून आले होते आणि चटईवर त्या जागी पांढरट ओरखडे उठले होते. इथे डिंकाने त्याचं काम चोख केलं होतं. पान आतून ओलं होतं, वाळताना ते आक्रसलं आणि आक्रसताना कागदाची साल काढून घेऊन उचललं. अशा पानाला दुप्पट डिंक लावला असता तर फक्त मोठा ओरखडा उठला असता.

मूग गळाले होते तिथे डिंकाच्या छोट्या वाट्या जशाच्या तशा उरल्या होत्या, गोल आणि गुळगुळीत. म्हणजे दाणा नीट बसला होता, पण खालची पट्टी हलली आणि तो वाटीतून बाहेर उडाला. बोगनवेलीच्या पाकळ्या मात्र एकूण एक जागेवर होत्या. त्या मुळातच कागदासारख्या पातळ असतात, पाणी फार धरत नाहीत.

एकाच कागदावर तीन वेगळे दोष होते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मेणचट पान असेल तर मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने दोनदा हलकेच घासायची, म्हणजे चकाकी जाते आणि डिंक पकड घेतो. जाड शीर मोठ्या माणसाने ब्लेडने तासून पानाच्या पातळीवर आणायची. पहिली-दुसरीला एवढा खटाटोप करण्यापेक्षा आंब्याचं पान सरळ वगळावं. ओल्या पानावर डिंकाचा कोणताच इलाज नाही, ते नीट वाळवावंच लागतं. दाण्यांचा प्रश्न तर दाण्यांचा नाहीच, तो चटईचा आहे.

चटई हलते, ही खरी अडचण

विणलेली चटई हा एकसंध कागद नसतो. तिच्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून ती हातात घेतली की लवते. वाळलेलं पान किंवा बी मात्र लवत नाही. चार पट्ट्यांवर एक कडक पान चिकटवलं आणि मुलाने कागद एका कोपऱ्याने उचलला, की पट्ट्या चार दिशांना जातात आणि पान एकतर तडकतं किंवा सुटतं. त्यामुळे कोलाज सुरू करण्याआधी चटई स्थिर करणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं तेच बहुतेक वेळा राहून जातं.

विणताना आपण ए-फोर कागदाच्या आखूड कडा जुळवून घडी घालतो आणि घडीच्या बाजूने दोन-दोन सेंटीमीटरवर चिरा देतो. समोरच्या उघड्या कडेला अडीच सेंटीमीटर जागा सोडायची. घडी उघडली की साधारण पंचवीस सेंटीमीटर लांबीच्या उभ्या पट्ट्या मिळतात. हिशेबाने तिथे दोन सेंटीमीटरच्या बारा आडव्या पट्ट्या बसायला हव्यात. प्रत्यक्षात कागदाच्या जाडीमुळे अकराच आरामात बसतात. बारावी रेटून घातली की चटई मधोमध फुगते आणि तो फुगा नंतर कितीही वजन ठेवलं तरी जात नाही. सातपूरच्या कामात अर्ध्याहून जास्त चटयांत बारावी पट्टी कोंबलेली होती. शेवटी बोटभर फट राहिली तरी चालेल, तिथे पाकळ्यांची ओळ छान बसते. पहिली-दुसरीसाठी पट्टी तीन सेंटीमीटरची ठेवा, त्यापेक्षा बारीक पट्टी त्यांच्या बोटांना आवरत नाही.

पट्ट्या कापण्याआधी कागदाची दिशा बघायला अर्धा मिनिट लागतो आणि तो वाया जात नाही. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. ओल लागली की कागद तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही, त्यांच्या आडव्या दिशेने मात्र चांगलाच पसरतो. कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वळवून बघा. ज्या बाजूने नळी सहज होते, त्या नळीच्या लांबीत तंतू धावत असतात. पट्टी त्या लांबीत कापली तर सरळ राहते. आडवी कापलेली पट्टी पावसाळी हवेत आपोआप गुंडाळायला लागते. एकाच तावातून अर्ध्या पट्ट्या उभ्या आणि अर्ध्या आडव्या कापल्या, तर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या वागतात. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात पैठणी विणताना ताणा आधी ताठ बसवतात आणि मगच बाणा चालतो. कागदाला तसा ताण देता येत नाही, त्याची भरपाई आपल्याला खालच्या पाठबळाने करावी लागते.

त्यासाठी विणून झालेल्या चटईला अस्तर द्यायचं. लग्नपत्रिकेचा जाड कागद, जुन्या कॅलेंडरचं पुठ्ठेवजा पान किंवा खोक्याचा पुठ्ठा, यातलं काहीही चालतं. पुठ्ठ्यावर चारही कडांना बोटभर पट्ट्यात डिंक पसरायचा आणि मध्ये दोन तिरप्या रेघा ओढायच्या. पूर्ण पुठ्ठा डिंकाने माखायचा नाही. चटई ठेवून तळहाताने मधून बाहेर दाबत जायचं, वर कोरडं वर्तमानपत्र आणि त्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर सोडायचं. दुसऱ्या दिवशी बोटाने पट्टी सरकवून बघा. सरकली नाही, तरच कोलाजला सुरुवात करा.

होडीचा आकार का येतो, तेही इथेच उलगडतं. डिंक लागलेली बाजू आधी ओलीने पसरते आणि वाळताना आक्रसते. वरची बाजू आक्रसली की कागद वरच्या दिशेने वळतो. खाली अस्तर चिकटवलं की मागूनही तेवढीच ओढ बसते आणि कागद सपाट राहतो. अस्तराचा कागद चटईपेक्षा फार पातळ असेल तर हा तोल साधत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

एक सोपी युक्ती अशी, की पान नुसतं चिकटवण्याऐवजी त्याचा देठ किंवा टोक एका पट्टीखाली खोचायचं आणि उरलेल्या भागाला डिंक लावायचा. पान दोन्हीकडून धरलं जातं आणि दिसतंही विणलेल्यासारखं. नारळाची किंवा उसाची पाती आडव्या पट्टीच्या जागी विणायची असेल तर ती वाळलेली घ्या. हिरवी पाती वाळताना रुंदीत कमी होते आणि चटईला फटी पडतात.

पावसाळ्यातलं पान वाळलंय की नाही

सातपूरच्या मुलांनी पानं दोन रात्री वहीत ठेवली होती. मार्चमध्ये त्यातली बरीच वाळली असती. ऑगस्टमधल्या नाशकात वहीसुद्धा दमट असते, मग पान कशाला वाळेल?

पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवायची, एक दुसऱ्याला लागता कामा नये, आणि वर दोन-तीन विटांएवढं वजन द्यायचं. पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा. बहुतेक जणांचं इथेच चुकतं, कारण पानातलं पाणी वर्तमानपत्रात येतं आणि ते वर्तमानपत्र तसंच ठेवलं की पान त्याच ओलीत बसून राहतं. वास कुबट येऊ लागतो आणि पानावर तपकिरी डाग पडतात. तीन दिवसांनंतर एक दिवसाआड बदललं तरी चालतं. पावसाळ्यात पातळ पानाला आठवडा आणि पिंपळासारख्या पानाला दहा-बारा दिवस धरून चाला. गुळगुळीत छपाईच्या मासिकांत पानं ठेवू नका, तो कागद पाणी पीत नाही.

वाळल्याची खूण डोळ्यांनी कळत नाही. पान गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. मग देठाजवळ थोडं वाकवा. बारीक कट् असा आवाज होऊन मोडलं तर झालं, नुसतं लवलं तर आणखी दोन दिवस. देठ सगळ्यांत शेवटी वाळतो, म्हणून पात्यावर नाही तर तिथेच तपासायचं. मुलांना ही गालाची परीक्षा फार आवडते आणि ती चटकन अचूक सांगू लागतात.

घाई असेल तर घरी इस्त्री वापरता येते, पण ते काम बाईंनी किंवा सरांनीच करायचं. वाफ बंद, उष्णता सर्वांत कमी, पान दोन वर्तमानपत्रांमध्ये, दहा-पंधरा सेकंद दाबायचं, उचलायचं, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा दाबायचं. इस्त्री फिरवू नका, पान फाटतं. दाब न देता नुसतं उन्हात टाकलेलं पान वाळतं खरं, पण गुंडाळतं, आणि ते उलगडायला गेलं की चुरा होतो.

वेळापत्रक आपल्या हातात असेल तर हा पाठ जुलै-ऑगस्टमधून काढून दिवाळीनंतर घ्या. हवा कोरडी असते. थंडी सरता सरता देशी बदामाची लाल पानं पडतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पिंपळ पानं गाळतो. झाडाने स्वतःहून टाकलेल्या पानात पाणी आधीच कमी असतं, शिवाय कुणाच्या बागेतली फांदी तोडावी लागत नाही.

पाकळ्यांचं थोडक्यात सांगते. झेंडूचं अख्खं फूल कधीच चिकटवू नका, त्याचा खालचा हिरवा भाग आठवडाभर ओल धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सातपूरला काळे डाग बरोबर त्याच जागी होते. पाकळ्या उपटून सावलीत कागदावर पसरायच्या. केशरी-पिवळा रंग चांगला टिकतो. लाल गुलाब वाळला की काळपट होतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही. जास्वंद दाबताना लगेच चुरगळते आणि निळसर-काळी पडते. मोगरा, तगर तपकिरी होतात. फुलं विकत आणायची गरज नसते. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू घरोघरी वाळत असतो, आणि पंचवटीत हारवाल्यांकडे संध्याकाळी उरलेल्या सुट्या पाकळ्या मागितल्या तर सहसा नाही म्हणत नाहीत.

डिंक किती आणि कुठे

कार्यानुभवाच्या तासाला खळ करायची पद्धत अजून बऱ्याच शाळांत आहे. मैद्याची खळ कागदाला कागद चिकटवायला उत्तम, पण तिच्यात पाणी फार असतं आणि पावसाळ्यात तिलाच बुरशी येते. पुस्तकं बांधणारे कारागीर म्हणून खळीत मोरचूद घालत असत. तो उपाय मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, मोरचूद विषारी आहे. चटईला अस्तर देताना खळ वापरली तरी चालेल, पान-फुलांसाठी मात्र पांढरा डिंक बरा.

डिंक पाणी न घालता घ्या. बाटलीतून थेट पानावर ओतू देऊ नका. झाकणात थोडा काढून, जुन्या टूथब्रशने किंवा बोटाने पानाच्या मागे पातळ थर पसरायचा आणि कडेपर्यंत न्यायचा. पान उचललं तर मागचा रंग डिंकातून दिसला पाहिजे. पांढरा दिसत असेल तर जास्त झालाय. कडेला पोचलेला पातळ थर मधल्या मोठ्या ठिपक्यापेक्षा कितीतरी चांगला धरतो, कारण पान नेहमी कडेपासूनच सुटतं.

बियांचं याच्या उलट आहे. त्यांना जाड गादी लागते. कागदावर डिंकाची जाड रेघ ओढायची, दोन मिनिटं थांबायचं, ती थोडी चिकट झाली की बिया तिच्यात अर्ध्या बुडेपर्यंत दाबायच्या. बी शक्यतो एकाच पट्टीच्या मधोमध ठेवावं, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर नको. चपटं बी गोल बीपेक्षा सहज बसतं, म्हणून कलिंगड, खरबूज, लाल भोपळा यांच्या बिया मुगापेक्षा सरस. त्या घरात टाकूनच दिल्या जातात, त्यामुळे धान्य वाया घालवल्याची पालकांची नाराजीही ओढवत नाही. फक्त गर पूर्ण धुऊन कडक वाळवलेल्या हव्यात, नाहीतर चिलटं आणि मुंग्या फलकावर येतात. चिंचोका जड आणि गुळगुळीत असतो, त्याची एक बाजू फरशीवर घासून सपाट केली तरच तो टिकतो. मुलांना हे घासणं मनापासून आवडतं, पण घासताना चिंचोका चांगलाच तापतो, तेवढं बघा.

काय आणू द्यायचं नाही

मुलांना "घरून बिया आणा" एवढंच सांगून भागत नाही. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, आणि कुणीतरी ती आणतंच. गुंज आणि एरंडीचं बी दोन्ही जहरी आहेत, चावलं गेलं तर जिवावर बेततं. कण्हेर, धोतरा यांचं काहीही वर्गात नको. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तर ठीक, पण त्या फोडू किंवा कुटू देऊ नका, भुकटी डोळ्यात गेली तर डोळा फार सुजतो. गाजरगवताची पांढरी फुलं वाळवून नाजूक दिसतात, पण अनेकांना त्याने अंगाला खाज आणि शिंका येतात. पहिलीच्या मुलांना राई, मूग असले बारीक दाणे सुटे देऊच नयेत, ते नाकात-कानात जातात.

आपल्याकडची एक खास गोष्ट द्राक्षाच्या पानाची आहे. पान देखणं, पाच कोनांचं, आणि छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडची मुलं ओंजळी भरून आणतात. बागेवर औषधांची फवारणी सतत चालू असते, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर पानांवर निळसर डागांत दिसतंच. न दिसणारी औषधंही असतात. धुऊनही खात्री देता येत नाही, म्हणून बागेतलं पान नकोच. कुणाच्या दारात मांडवावर बिनफवारणीचा वेल असेल, तर तेवढं चालेल.

सातपूरचं काम कसं वाचवलं

सगळं फेकून नवीन करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. कोंबलेली बारावी पट्टी ज्या चटयांतून सहज निघत होती, त्यांतून ती ओढून काढली. झेंडूची फुलं काढून टाकली आणि बुरशीचा कागद तेवढा कापला, त्या जागी नंतर नवी पट्टी विणून घातली. बुरशी झाडताना बाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि ते काम मुलांकडून करवलं नाही. मग प्रत्येक चटई उलटी ठेवून मागे जुन्या कॅलेंडरचं पान कडांना डिंक लावून चिकटवलं. वरची बाजू खाली येत असल्यामुळे खाली जुन्या टॉवेलची घडी घेतली, म्हणजे टिकून राहिलेल्या बोगनवेलीच्या पाकळ्या चिरडल्या नाहीत. वर वजन ठेवून रात्र काढली.

पिंपळाची पानं पुन्हा वर्तमानपत्रात गेली. दहा दिवसांनी गालाच्या परीक्षेत पास झालेली तेवढी परत लावली, आणि ओरखडे बरोबर त्यांच्याखाली झाकले जातील अशी जागा मुलांनीच शोधली. आंब्याच्या पानांची शीर बाईंनी तासून दिली, घासायचं काम मुलांनी केलं. मुगाच्या जागी भोपळ्याच्या बिया आल्या.

फलक आधी व्हरांड्यात होता, तिथे पावसाचे शिंतोडे यायचे. तो आतल्या भिंतीवर घेतला, पण बाहेरून ओल झिरपणारी भिंत टाळून. भिंतीला तळहात लावून पाहिला की ते कळतं. चार कोपऱ्यांना टाचण्या मारल्या, कारण वरच्या दोनच टाचण्यांवर लटकणारा कागद पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर फडफडतो आणि दाणे हळूहळू सैल होतात.

पुढच्या वर्षीसाठी बाईंनी हेच काम तीन तासांत वाटून घेतलं आहे. पहिल्या तासाला पानं गोळा करून कागदात घालायची, दोन आठवड्यांनी दुसऱ्या तासाला विणकाम आणि अस्तर, आणि त्यानंतरच्या आठवड्यात कोलाज. मधल्या दिवसांत वर्तमानपत्र बदलण्याची पाळी रोज दोन मुलांकडे.